डावं की उजवं, आहे की नाही: रेडिओलॉजी रिपोर्टमधल्या डिक्टेशनच्या चुकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी सीटी-सोनोग्राफी सेंटरवर काम करतो. आधी रिपोर्ट टाइप करायचो, आता इतरांनी टाइप केलेले तपासतो. खालचे प्रश्न पेशंटच्या नातेवाइकांनी काउंटरवर, खेड्यातल्या डॉक्टरांनी फोनवर आणि नव्या टायपिस्ट मुलामुलींनी चहाच्या वेळी विचारलेले आहेत. सगळ्याच चुकांची ही यादी नाही. भर दोनच चुकांवर आहे, कारण घात त्याच करतात: बाजू उलटी होणे आणि ‘नाही’ गळणे.

१. रिपोर्ट डॉक्टर स्वतः टाइप करतात का?

बहुतेक ठिकाणी नाही. रेडिओलॉजिस्ट पडद्यावर स्कॅन पाहत बोलतात. ते बोलणं कागदावर येण्याचे आमच्या भागात तीन रस्ते आहेत. पहिला, टायपिस्ट शेजारी बसून ऐकता ऐकता टाइप करतो. दुसरा, स्कॅन नेटवरून नागपूरला जातो, तिथले डॉक्टर आवाजाची फाइल पाठवतात आणि ती इथे कानाला हेडफोन लावून उतरवली जाते. तिसरा, बोललेलं सॉफ्टवेअरच थेट इंग्रजीत उमटवतं. तिन्ही रस्त्यांनी आधी कच्चा मसुदा तयार होतो, तो डॉक्टर वाचतात, सही करतात, मग रिपोर्ट बाहेर जातो.

रिपोर्टचे दोन भाग लक्षात ठेवा, पुढे त्यांचा संबंध येणार आहे. वरच्या ‘फाइंडिंग्ज’मध्ये प्रत्येक अवयवात काय दिसलं ते सविस्तर असतं. खालच्या ‘इम्प्रेशन’मध्ये दोन-चार ओळींचा निष्कर्ष असतो. घाईतला डॉक्टर अनेकदा फक्त इम्प्रेशन वाचतो.

२. रिपोर्टात डावी किडनी लिवली अन् दुखते तं उजवी. असं उलटं होते काऊन?

एक कारण फिल्ममध्येच आहे. छातीचा एक्स-रे पाहताना पेशंट आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरतात. त्यामुळे त्याची उजवी बाजू बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. सीटीचे आडवे काप पायाकडून वर पाहिल्यासारखे मांडतात, तिथेही तेच. अनुभवी डॉक्टरांना याची सवय असते, पण दिवसातला साठावा स्कॅन वाचताना मन ‘उजवं’ म्हणतं आणि तोंडून ‘लेफ्ट’ निघून जातं.

दुसरं कारण बोलण्याच्या लकबीत आहे. ‘लेफ्ट... नाही, सॉरी, राइट’ असं कोणी म्हटलं की शेजारी बसलेला टायपिस्ट समजून घेतो. सॉफ्टवेअर चारही शब्द उमटवतं, आणि पुसताना भलताच शब्द पुसला जातो. आपल्याकडे वाक्यावाक्याला ‘राइट, राइट’ म्हणायचीही सवय असते. तो ‘ठीक’ या अर्थाचा राइट कधी कधी कोणाच्या तरी किडनीला जाऊन चिकटतो.

तिसरं कारण सगळ्यांत साधं आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळा घडणारं. आधीच्या पेशंटचा रिपोर्ट उघडायचा, त्यातच बदल करायचे आणि नव्या नावाने सेव्ह करायचा. याचं उदाहरण प्रश्न ६ मध्ये आहे.

३. ‘नो’ हा एवढा महत्त्वाचा शब्द. तो सुटतोच कसा?

तो महत्त्वाचा असला तरी फार छोटा आहे, आणि वाक्याच्या अगदी सुरुवातीला येतो. डिक्टेशनच्या माइकवर बटण दाबून धरावं लागतं. घाईतला माणूस बटण दाबणं आणि बोलणं एकाच क्षणी सुरू करतो. मशीन जागं होईपर्यंत पहिला उच्चार हवेत विरतो. ‘नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर’ म्हणजे हाड मोडल्याचा पुरावा नाही. त्यातला पहिला उच्चार गेला की उरतं ‘एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर’, म्हणजे हाड मोडलेलं आहे. वाक्य व्याकरणाने धड, अर्थाने पार उलटं.

एसीची घरघर, लाइट गेल्यावर सुरू झालेलं जनरेटर, नेट अडखळल्याने तुटलेली फाइल, यांतही पहिला बळी छोट्या शब्दाचाच जातो. सॉफ्टवेअर कधी ‘नो’ला ‘नाऊ’ किंवा आधीपासून माहीत असलेला या अर्थाचा ‘नोन’ समजतं. ‘नो ट्युबरक्युलोसिस’चं ‘नोन ट्युबरक्युलोसिस’ झालं, तर टीबी नसलेला माणूस जुना टीबीचा पेशंट ठरतो.

उलटही होतं. नॉर्मल रिपोर्टच्या तयार साच्यात ‘नो कॅल्क्युलस’, म्हणजे खडा नाही, हे आधीच लिहिलेलं असतं. खडा सापडला की त्याची ओळ खाली जोडली जाते आणि वरची पुसायची राहते. मग एकाच रिपोर्टात खडा आहेही आणि नाहीही. वाचणारा बुचकळ्यात पडतो, फोन करतो आणि चूक निघते. म्हणून मला या चुकीची कमी भीती वाटते. रिपोर्टात कुठेच विसंगती न दाखवता बसलेली चूक खरी अवघड.

४. कॉम्प्युटर स्पेलिंग तपासतो ना? मग त्याला कसं कळत नाही?

लेफ्ट आणि राइट, दोन्हींचं स्पेलिंग बरोबरच असतं. गळालेल्या शब्दाला तर स्पेलिंगच नसतं. आतड्याचा भाग असलेला ‘इलियम’ आणि कमरेचं हाड असलेला ‘इलियम’ इंग्रजीत एका अक्षराने वेगळे लिहितात आणि उच्चार जवळजवळ एकच. दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, त्यामुळे लाल रेघ कशाखालीच येत नाही.

काही रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये वेगळी तपासणी असते. मागवलेला स्कॅन उजव्या गुडघ्याचा आणि मजकुरात ‘लेफ्ट’, किंवा पेशंट बाई आणि मजकुरात प्रोस्टेट, असं दिसलं की ते इशारा देतं. उपयोग नक्की होतो. पण पोटाच्या सीटीत दोन्ही किडन्या येतात, तिथे डावं-उजवं ताडायला त्याच्याकडे काही आधार नसतो.

५. सही करण्याआधी डॉक्टर वाचतात, मग चूक सुटायला नको ना?

वाचतात, पण ते स्वतःचंच बोलणं वाचत असतात. आपण जे बोललो ते मनात ताजं असतं आणि डोळे कागदावर तेच शोधतात. ‘नो’ गळालेला असला तरी त्यांच्या डोक्यातलं वाक्य पूर्णच असतं. लग्नपत्रिकेतली चूक घरच्यांना दिसत नाही आणि पत्रिका हातात पडताच पाहुण्याला दिसते, तसंच हे.

टायपिस्ट असला की दुसरे कान आणि दुसरे डोळे आपोआप मिळतात. सॉफ्टवेअरने ते काढून घेतले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या टोरोंटोच्या एका अभ्यासात स्तनांच्या तपासण्यांचे रिपोर्ट ताडून पाहिले होते. सॉफ्टवेअरने उतरवलेल्या रिपोर्टांपैकी २३ टक्क्यांमध्ये किमान एक मोठी चूक निघाली, टायपिस्टकडून आलेल्यांमध्ये ४ टक्क्यांत. सॉफ्टवेअर तेव्हापासून सुधारलं आहे, हे मान्य. पण ‘आता मशीन आहे, तपासायला माणूस कशाला’ म्हणणाऱ्या मालकांना मी हा आकडा ऐकवतो.

६. अशी चूक प्रत्यक्षात कशी घडते ते एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

सांगतो, आणि चूक माझीच आहे. एक काका, वय पन्नाशीचं, तूर काढणीच्या दिवसांत पोटदुखीने आले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘उजव्या कुशीत कळा, लघवीला जळजळ’. सीटी केला. डॉक्टरांनी बरोबर सांगितलं: उजव्या मूत्रनलिकेच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरचा खडा, त्यामुळे उजव्या किडनीला मध्यम सूज, डावी किडनी नॉर्मल.

त्याआधीचा पेशंटही खड्याचाच होता, पण डाव्या बाजूचा, ६ मिलिमीटरचा. मी त्याचाच रिपोर्ट उघडून बदलायला घेतला. फाइंडिंग्ज पूर्ण नव्याने टाइप केल्या, चारही ठिकाणी ‘राइट’ बरोबर आला. इम्प्रेशनमध्ये मी फक्त आकडा बदलला, ६ चे ९ केले. आकडा डोळ्यांत भरतो, बाजू भरत नाही. त्या ओळीतला ‘लेफ्ट’ तसाच राहिला. बाहेर सात पेशंट बसले होते. डॉक्टरांनी मसुदा वाचला, खालच्या ओळीत खडा आहे, ९ आहे, वरची नळी आहे, सही केली.

काका रिपोर्ट घेऊन सर्जनकडे गेले. इम्प्रेशन वाचून डाव्या बाजूला नळी टाकायचं ठरलं. ऑपरेशनच्या सकाळी सर्जननी फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली आणि आम्हाला फोन केला, ‘तुमचा खडा रात्रीतून पलीकडे गेला का?’ काकांना विचारलं तर म्हणाले, ‘मी तं पयल्या दिवसापासून उजवीच सांगून राह्यलो.’

कुठे कुठे थांबवता आलं असतं ते बघा. चिठ्ठी समोर ठेवली असती तर. इम्प्रेशनची ओळ फाइंडिंग्जशी ताडली असती तर. ‘लेफ्ट’ शब्द शोधला असता तर, कारण त्या रिपोर्टात तो दोनदाच होता: एकदा नॉर्मल किडनीसाठी आणि एकदा या चुकीसाठी. यांतलं एकही केलं नव्हतं. त्या दिवसापासून आधीच्या पेशंटचा रिपोर्ट उघडून बदलायला आमच्याकडे बंदी आहे. कोरा साचाच घ्यायचा, आणि त्या साच्यात बाजूच्या जागी तीन टिंबं असतात. ती भरल्याशिवाय प्रिंट काढायची नाही.

७. मग आता तुमच्याकडे रिपोर्ट तपासतात कसे?

मसुदा झाला की टायपिस्ट तो लगेच पाठवत नाही. एक दुसरा रिपोर्ट करतो, मग पहिल्याकडे परत येतो. एवढ्याने कान-डोळे थोडे परके होतात. मग रेफरन्सची चिठ्ठी शेजारी ठेवून नाव, वय, बाई की पुरुष आणि तक्रारीची बाजू ताडायची.

त्यानंतर वाचन खालून सुरू होतं. आधी इम्प्रेशन, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीचा ‘बाप’ वर फाइंडिंग्जमध्ये शोधायचा. हा शब्द आमच्या डॉक्टरांचा. बाप सापडला नाही, किंवा बापाची बाजू वेगळी निघाली, की पेन्सिलने गोल. वरून खाली वाचलं की वाक्यांच्या ओघात आपण वाहत जातो. खालून वर गेल्यावर प्रत्येक ओळीपाशी थांबावंच लागतं.

मग Ctrl+F दाबून आधी लेफ्ट, मग राइट शोधायचं. प्रत्येक जागी थांबून त्या शब्दापुढचा अवयव मोठ्याने म्हणायचा. त्याच पद्धतीने ‘नो’ आणि ‘नॉट’. गळालेला शब्द शोधून सापडत नाही, हे उघड आहे, म्हणून नकारासाठी आणखी एक युक्ती आहे: रिपोर्टातल्या प्रत्येक आजाराच्या नावावर बोट ठेवून ‘आहे की नाही?’ विचारायचं. ‘एव्हिडन्स ऑफ’ने सुरू होणारं वाक्य तर आमच्याकडे जन्मतः संशयित. आमचे डॉक्टर आजार असेल तर ‘देअर इज’ने सुरुवात करतात. एका रात्री ट्रॅक्टरवरून पडलेल्या पोराचा मेंदूचा सीटी होता. वरचं सगळं वर्णन नॉर्मल आणि शेवटी ‘एव्हिडन्स ऑफ हेमरेज’, म्हणजे रक्तस्राव आहे. टायपिस्ट मुलीने फाइल पुन्हा ऐकली. सुरुवातीला नुसती खरखर. तिने नागपूरला फोन लावला. डॉक्टर ‘नो’ म्हणाले होते. ॲम्ब्युलन्स दारात उभी होती.

शेवटची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इम्प्रेशन टायपिस्ट मोठ्याने वाचतो आणि डॉक्टर त्या वेळी कागद बघत नाहीत, स्कॅन बघतात. कानावर ‘लेफ्ट’ पडतो आणि डोळ्यांना उजवीकडचा खडा दिसतो, तेव्हा ते दचकतात. तेच कागदावर वाचताना दचकत नाहीत. सगळं मिळून एका रिपोर्टला दोन-तीन मिनिटं लागतात.

८. आमच्याकडे एकच डॉक्टर आणि टायपिस्टच नाही. रात्री तर मी एकटाच असतो. मग?

प्रश्न ७ मधली दुसऱ्या माणसाची पायरी तुम्हाला जमणार नाही. पण खालून वर वाचणं आणि Ctrl+F एकट्यालाही जमतं. मसुद्याचा फाँट मोठा करून किंवा प्रिंट काढून वाचा. पानाचं रूप बदललं की ओळखीचा मजकूर थोडा अनोळखी होतो. माइकचं बटण दाबल्यावर एक श्वास घ्या, मगच बोला. आणि तंत्रज्ञ असेलच ना? त्याला इंग्रजी रिपोर्ट समजायची गरज नाही. ‘पेशंट कोणती बाजू धरून आला होता?’ एवढंच त्याला विचारा. मशीनवर झोपवताना त्याने ते पाहिलेलं असतं.

९. टाइप करताना मला चूक दिसली तर मीच दुरुस्त करू का?

नव्या मुलांचा हा प्रश्न. स्पेलिंग, स्वल्पविराम, एकवचन-अनेकवचन बिनधास्त सुधारा. बाजू, ‘नो’, आकडा आणि एकक यांना हात लावू नका, कितीही खात्री वाटली तरी. डॉक्टर चार वेळा राइट आणि एकदा लेफ्ट म्हणाले, तर तो एक लेफ्ट चुकीचा असेलच असं नाही. दुसऱ्या बाजूलाही काहीतरी सापडलेलं असू शकतं. ऐकू न आलेल्या जागी अंदाजाने शब्द भरू नका. मोकळी जागा सोडून पिवळा रंग द्या आणि विचारा. मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर पडला तर खडा दहापट होतो, हेही त्यातच आलं.

१०. बाजू उलटी नाही, पण उलटी वाटते असंही होतं का?

होतं, आणि घाईत ‘दुरुस्ती’ केली तर तिथे नवीच चूक तयार होते. उजव्या अंगाला लकवा मारलेल्या पेशंटच्या रिपोर्टात मेंदूची डावी बाजू लिहिलेली असते. ते बरोबर आहे. मेंदूच्या डाव्या भागाकडे उजव्या अंगाची सूत्रं असतात. अशा रिपोर्टात आमच्या एका नव्या मुलाने भल्या मनाने लेफ्टचं राइट केलं होतं. प्रश्न ९ मधला नियम त्यानंतर भिंतीवर लागला.

आपल्याकडे सिकलसेलचे पेशंट बरेच. त्यांच्यात खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खराब होतो, आणि हे पुष्कळदा दोन्हीकडे होतं. पेशंट उजवा खुबा दुखतो म्हणून येतो आणि एमआरआयमध्ये डावाही सुरुवातीच्या अवस्थेत सापडतो. रिपोर्टात ‘लेफ्ट’ पाहून नातेवाईक चिडतात, पण ती चूक नसते. तिथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या ओळींत, अवस्थेसकट लिहिलेल्या आहेत का, हे तपासायचं.

११. रिपोर्ट बरोबर, पण फिल्मच उलटी असेल तर?

मग वाचून काहीच सापडणार नाही, कारण मजकूर फिल्मशी अगदी जुळतो. प्रतिमा कॉम्प्युटरवर आडवी उलटली गेली किंवा बाजूचं अक्षर नंतर चुकीचं टाकलं गेलं तर असं होतं. छातीच्या एक्स-रेत हृदयाचं टोक आणि जठरातल्या हवेचा फुगा पेशंटच्या डावीकडे दिसायला हवा. दोन्ही उजवीकडे दिसले तर आधी तंत्रज्ञाला विचारा. क्वचित एखाद्याचे अवयव जन्मतःच उलट बाजूला असतात, म्हणून फिल्म मनानेच फिरवून ठेवायची नाही. पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की उत्तर मिळतं. शिशाचं अक्षर एक्स-रे काढतानाच प्लेटवर ठेवण्याची जुनी पद्धत याच कारणाने चांगली.

१२. बोलण्याची पद्धत बदलली तर ‘नाही’ गळायचा थांबेल का?

बराचसा. ‘नो फ्रॅक्चर’ऐवजी ‘बोन्स आर इन्टॅक्ट’, म्हणजे हाडं अखंड आहेत, असं म्हटलं की त्यातला कोणताही शब्द गळाला तरी अर्थ उलटत नाही, वाक्य फक्त तुटकं दिसतं आणि लक्ष जातं. पण सगळं असं बोलता येत नाही. सर्जनला ‘रक्तस्राव नाही’ हेच स्पष्ट शब्दांत हवं असतं. तिथे ‘देअर इज नो’ म्हणा, म्हणजे बटणाने पहिला शब्द खाल्ला तरी ‘नो’ मागे सुरक्षित राहतो.

सर्वांत धोक्याचं वाक्य ‘मॅलिग्नन्सी कॅनॉट बी रूल्ड आउट’. अर्थ असा की कॅन्सर नाहीच असं म्हणता येत नाही. त्यातला ‘नॉट’ पडला की कॅन्सर नाही असं ठरतं आणि पेशंट बायोप्सी न करता घरी जातो. आमच्या डॉक्टरांनी हे वाक्य सोडून दिलं. ते आता ‘कॅन्सरचा संशय, बायोप्सी करावी’ या अर्थाचं सरळ वाक्य सांगतात.

१३. मला माझ्या रिपोर्टात चूक वाटते. काय करू?

रिपोर्टावर पेनाने खाडाखोड करू नका. फिल्म किंवा सीडी, रिपोर्ट आणि डॉक्टरांची मूळ चिठ्ठी घेऊन सेंटरवर या, किंवा रिपोर्टावरच्या नंबरवर फोन करून ‘रेडिओलॉजिस्टना पुन्हा पाहायला सांगा’ म्हणा. ऑपरेशन, पाणी काढणं किंवा बायोप्सी ठरली असेल तर त्या डॉक्टरांना आधी कळवा. दुखणारी बाजू हा इशारा आहे, पुरावा नाही (प्रश्न १० पाहा), म्हणून निर्णय स्कॅन पुन्हा पाहूनच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-तपासणी यादीतही चीर देण्याआधी ‘गरजेच्या प्रतिमा समोर लावल्या आहेत का?’ असा प्रश्न आहे. प्रश्न ६ मधल्या काकांना त्याच सवयीने वाचवलं.

१४. चूक सापडल्यावर जुना रिपोर्ट फाडून नवा देता का?

नाही. जुना रेकॉर्डला राहतो. त्याला पुरवणी जोडली जाते: काय लिहिलं होतं, काय असायला हवं, तारीख, वेळ, सही. पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं जातं, आणि कोणाशी किती वाजता बोलणं झालं तेही त्यात लिहितात.

अवघड भाग कागदाचा नसून व्हॉट्सॲपचा आहे. रिपोर्टाचा फोटो तोवर मुंबईतल्या भाच्याला, गावच्या डॉक्टरांना आणि तिसऱ्याच हॉस्पिटलला पोचलेला असतो. म्हणून सुधारित रिपोर्टाच्या डोक्यावर आम्ही ‘सुधारित, यापूर्वीचा वापरू नये’ हे मराठीत आणि ठळक छापतो, आणि पेशंटला विचारून फोटो जिथे जिथे गेला तिथे त्यांच्याकडूनच नवा पाठवून घेतो. त्यांच्या फोनमधला जुना फोटोही समोरच काढून टाकायला सांगतो. तेवढ्यावरून एका आजीने मला ‘माह्या नातवाचे फोटो तं नाई ना गेले?’ म्हणून चांगलं अर्धा तास बसवून ठेवलं होतं.

१५. रिपोर्टाखाली ‘टायपिंगची चूक असू शकते’ असं छापलेलं असतं. म्हणजे तुमची जबाबदारी संपली?

संपत नाही. ती ओळ चूक दिसल्यावर कुठे फोन करायचा हे सांगण्यासाठी असावी. आमच्याकडे तिच्यापुढे नंबर आहे, आणि रात्री तो तपासणाऱ्याच्या, म्हणजे सध्या माझ्या, मोबाइलवर वाजतो.